निवेदन सुरू होताच बासरी दबावी म्हणून

ठाण्याच्या तलावांवरील माझ्या ध्वनिमुद्रणात बासरीच्या ट्रॅकवर कंप्रेसर, म्हणजे ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज दाबणारे साधन, लावूनही निवेदन तिच्याखाली बुडत होते. निवेदक गप्प असतानाही गेन रिडक्शनचा, म्हणजे आवाजातील कपातीचा, मीटर हलत होता, यावरून कंप्रेसर बासरीचीच पातळी मोजत आहे, हे उमगले. म्हणून त्याच्या साइडचेन इनपुटला, म्हणजे कपात किती करायची हे ठरवण्यासाठी वेगळा आवाज देता येतो त्या इनपुटला, निवेदनाचा ट्रॅक जोडला. थ्रेशोल्ड, म्हणजे कपात जिथून सुरू होते ती पातळी, उणे ३० डेसिबल आणि रेशो ४:१, म्हणजे त्यावरच्या दर ४ डेसिबलमागे १ च उरेल असा, असताना, उणे १८ वर असलेले निवेदन थ्रेशोल्डच्या १२ डेसिबल वर जाते आणि ९ डेसिबलची कपात होते. मात्र ती निवेदनात नव्हे, तर बासरीत, मग ती स्वतः कितीही हळू वाजत असो. रिलीज, म्हणजे कपात सुटायला लागणारा वेळ, ८० मिलिसेकंद होता, तेव्हा दोन शब्दांमधल्या प्रत्येक फटीत बासरी उसळत असे, जे कानांना फारच खटकत होते. ५०० मिलिसेकंदांवर ते थांबले.