मृत्युपत्र नोंदवलं तरी साक्षीदार लागतोच: कोर्टात टिकेल असं मृत्युपत्र कसं करावं

‘रजिस्टर केलंय, आता कुणी काही करू शकत नाही.’ मृत्युपत्राबद्दल हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि त्यावर विसंबून लोक साक्षीदारांकडे दुर्लक्ष करतात. नोंदणी ऐच्छिक आहे. साक्षांकन मात्र सक्तीचं आहे, आणि मृत्युपत्र कोर्टात पडतं ते बहुतेकदा इथेच. (हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना लागू होतं. मुस्लिमांचे आणि गोव्यातले नियम वेगळे आहेत.)

समजा, साताऱ्यातल्या ७८ वर्षांच्या आजींना राहतं घर मुलीला द्यायचं आहे आणि दोन्ही मुलगे नाराज होणार हे त्यांना ठाऊक आहे.

पहिलं काम साक्षीदार निवडायचं. दोन हवेत, आजींपेक्षा बरेच तरुण, गावातच राहणारे आणि ज्यांना घरातला वाटा मिळणार नाही असे. मुलीचा नवरा साक्षीदार झाला तर संशयाला आयतं निमित्त मिळतं. दोघांचं पूर्ण नाव, वय, पत्ता आणि फोन मृत्युपत्रातच लिहा, म्हणजे पंधरा वर्षांनीही ते सापडतील.

दुसरं काम सह्यांचं. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे आजींनी सही किंवा अंगठा करताना प्रत्येक साक्षीदाराने पाहायला हवं, किंवा ‘ही माझीच सही’ असं आजींनी त्याला स्वतः सांगायला हवं. मग प्रत्येक साक्षीदाराने आजींच्या समोर सही करायची. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं कायदा म्हणत नाही, तरी माझा आग्रह आहे की तिघांनी एकाच खोलीत बसूनच सह्या कराव्यात. कारण उद्या कोर्टात एकच साक्षीदार आला, तर दुसऱ्याची सही कशी झाली हेही त्यालाच सांगावं लागेल. जानकी भोईर विरुद्ध नारायण कदम या खटल्यात नेमकं हेच घडलं. एक साक्षीदार तपासला गेला, पण दुसऱ्याने सही केल्याचं त्याच्या जबानीतून सिद्ध झालं नाही. दुसरा हयात असूनही त्याला बोलावलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्र सिद्ध झालं नाही असं ठरवलं.

आता नोंदणी. आजी साताऱ्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात गेल्या, तर तिथे त्यांचा फोटो आणि अंगठा घेतला जातो आणि दस्त आपणच केल्याचं त्या कबूल करतात. चालता येत नसेल तर अधिकाऱ्याला घरी बोलावण्याची सोय आहे. मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्क लागत नाही. मात्र एक घोटाळा नेहमी होतो. कार्यालयात ओळख पटवायला जे दोघे सही करतात, ते ओळखीचे साक्षीदार असतात. मृत्युपत्रावर साक्ष देणाऱ्यांच्या सह्या वेगळ्या असतात आणि त्या मृत्युपत्राच्या शेवटी आहेत ना, हे तिथून निघण्याआधी तपासा.

एवढं करून आजींच्या पश्चात मुलगे कोर्टात गेले, तरी मुलीला निदान एक साक्षीदार उभा करावाच लागेल. इतर नोंदणीकृत दस्तांना कायद्याने यात सवलत दिली आहे, पण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६७ मध्ये मृत्युपत्र त्या सवलतीतून स्पष्टपणे वगळलं आहे. मग नोंदणीने मिळालं काय? आजी त्या तारखेला स्वतः हजर होत्या, याला सरकारी पुरावा मिळाला. ‘सही बनावट आहे’ हा आरोप बराच लंगडा पडतो आणि मूळ कागद हरवला तरी प्रमाणित प्रत मिळते. पण आजी भानावर होत्या का, त्यांना मजकूर वाचून दाखवला का, हे प्रश्न उरतातच.

नोंदणी केली नाही, तर ही उणीव मुलीला स्वतः भरून काढावी लागते. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं, आणि त्यात ‘तब्येत ठीक’ एवढंच नको, आजी काय बोलल्या, काय ओळखलं हेही हवं. बँकेतल्या किंवा पेन्शनच्या कागदांवरच्या त्याच काळातल्या सह्या जुळवायला लागतात. कागद इतकी वर्षं कुणाकडे होता आणि उशिरा का बाहेर आला, याचंही पटणारं उत्तर द्यावं लागतं. म्हणून मृत्युपत्रातच दोन ओळी लिहून घ्या: मुलग्यांना घर का दिलं नाही. कारण न देता जवळच्या वारसाला वगळणं हे न्यायालयांना संशयास्पद वाटू शकतं, नोंदणी असो वा नसो.

दोन्ही साक्षीदार आधीच वारले असतील तर वाट बंद होत नाही. त्यांपैकी एकाची सही आणि आजींची सही ओळखणारा कुणीतरी आणून त्या सह्या सिद्ध करता येतात.

आणि आजींचा विचार बदलला तर? नव्या मृत्युपत्रात जुनं रद्द केल्याचं तारखेसह लिहावं. नवं नोंदवलेलं नसलं, पण नीट साक्षांकित आणि सिद्ध झालं, तर ते आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्रालाही मागे सारतं.