अंडकोशाची खाज: नायटा की इसब, आणि ती जात का नाही

जांघेत खाज सुटली की माणूस फार्मसीत जातो आणि हळूच "नायट्याची ट्यूब" मागतो. जांघेपुरते ते बऱ्याचदा बरोबरही निघते. गोंधळ होतो तो खाज अंडकोशावर असते तेव्हा. साधा नायटा, म्हणजे बुरशी, जांघेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला पसरतो, पण अंडकोशाची कातडी तो सहसा सोडून देतो. त्यामुळे खाज आणि खपल्या फक्त अंडकोशावर असतील आणि जांघ स्वच्छ असेल, तर पहिला संशय इसबावर घ्यावा.

पाहायचे कसे

कोमट पाण्याने अंघोळ करा, टॉवेलने टिपून कोरडे व्हा, खाली आरसा ठेवून उकिडवे बसा आणि मोबाईलची बॅटरी लावा. अंघोळीनंतर पाहण्याचे कारण असे की गारव्यात अंडकोश आक्रसतो आणि निरोगी कातडीही सुरकुतलेली दिसते. उबेने ती सैल पडते.

आधी जांघ पाहा. बुरशी असेल तर मांडीवर लालसर किंवा तपकिरी चट्टा दिसतो. त्याची कड उठलेली, खपल्यांची असते आणि मधला भाग त्यामानाने निवळलेला असतो. मग पायाची बोटे फाकवून पाहा. तिथे पांढरी, भिजल्यासारखी कातडी असेल तर बुरशी तिथूनच वर आलेली असू शकते.

आता अंडकोशाची कातडी दोन बोटांत हलकेच ताणा. निरोगी कातडी पातळ होऊन गुळगुळीत होते. जुन्या इसबात ती ताणूनही जाडच लागते, रेघा खोल राहतात आणि रंग काळपट होतो. कोकमाचे वाळलेले सोल चिमटीत धरल्यावर लागते तसा तो स्पर्श असतो. अशी जाड कातडी बहुधा हात सहज पोचतो त्या बाजूला जास्त असते. खाजवून खाजवूनच ती तशी झालेली असते.

दोन गोष्टी वेगळ्या काढा. कातडी लालभडक, ओलसर असून भोवती बारीक पुळ्या विखुरलेल्या असतील तर कॅन्डिडा या वेगळ्या जातीच्या बुरशीचा संशय घ्यावा आणि रक्तातली साखर तपासावी. अंडकोशावर किंवा लिंगावर वाटाण्याएवढ्या घट्ट गाठी, रात्री वाढणारी खाज आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल तर ती खरूज समजावी. तिथे सगळ्या घरादाराला एकाच वेळी औषध लागते.

ट्यूब वाचा

चित्र बिघडते ते इथे. हातातल्या ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी नाव आहे का पाहा. असेल तर त्यात स्टिरॉइड आहे, मग वर बुरशीचे औषध लिहिलेले असो वा नसो. अशी मिश्रणे आपल्याकडे सर्रास खपतात, कारण दोन दिवसांत खाज थांबते. बुरशी मात्र मरत नाही, नुसती दबते. कडेचे वर्तुळ पुसट होते, चट्टा भलत्याच आकारात पसरतो, आणि एरवी सुटलेला अंडकोशही बुरशीच्या तडाख्यात येऊ शकतो. म्हणून अशी ट्यूब वापरलेल्या माणसाने आरशावर विसंबू नये.

दुसरे म्हणजे अंडकोशाची कातडी औषध फार शोषते. हातावर एक भाग शोषला जात असेल तर इथे सुमारे चाळीस पट शोषला जातो, असे हायड्रोकॉर्टिसोनच्या जुन्या मोजणीत दिसले होते. तीव्र स्टिरॉइड महिनोन् महिने लावले तर कातडी पातळ, लाल होते. लावणे थांबवले की आग होते, म्हणून माणूस पुन्हा लावतो.

खपली तपासून घ्या

खात्रीचा मार्ग म्हणजे त्वचारोग तज्ज्ञाकडून खपली खरवडून घेणे. पोटॅशच्या द्रावात ती मऊ झाली की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात, आणि निकाल बहुधा त्याच दिवशी कळतो. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. जाण्याआधी बुरशीचे मलम लावलेले असेल तर बुरशी असूनही खपलीत न दिसण्याची शक्यता असते, म्हणून किती दिवस बंद ठेवायचे ते आधी विचारून घ्या. वापरलेल्या सगळ्या ट्यूबा बरोबर न्या, लाजू नका. त्यांवरूनच अर्धे निदान होते.

एक उदाहरण

समजा, वेर्णा औद्योगिक वसाहतीत दहा तास काम करणारा चाळिशीतला माणूस. अंगात पॉलिएस्टरची पँट, येता-जाता स्कूटर, आणि पावसाळ्यात दोरीवर तीन दिवस न वाळणाऱ्या चड्ड्या. जूनमध्ये खाज सुरू झाली. त्याने जंतुनाशक द्रव पाण्यात घालून धुतले, रोज दोनदा साबण लावला, वर पावडर आणि अधूनमधून मिश्रणाची ट्यूब. सप्टेंबरमध्ये जांघ स्वच्छ, पण अंडकोश जाड आणि काळपट. खपलीत बुरशी नाही. हे इसब आहे, आणि ते चालू ठेवतात त्या त्याच्याच सवयी: साबण कातडीचे तेल नेतो, जंतुनाशक भाजते, घामाने भिजलेली पावडर घड्यांत गोळे होऊन घासते.

उपाय साधा, पण शिस्तीचा. अंडकोशाला फक्त पाणी, साबण नाही. कढत पाणी बंद, कारण त्याने क्षणभर सुख लागते आणि नंतर खाज दुप्पट होते. टिपून झाल्यावर साधी, वास नसलेली पेट्रोलियम जेली पातळ लावा. डॉक्टर बहुधा सौम्य स्टिरॉइड, उदाहरणार्थ १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन, एक-दोन आठवड्यांसाठी देतात. जाड कातडीला कधी टॅक्रोलिमस मलम देतात. ते पहिले काही दिवस चुरचुरते, तेवढ्यावरून सोडू नये. तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकी मलमाची रेघ बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते, म्हणजे इथे अर्धी रेघ पुष्कळ झाली.

खरे काम रात्रीचे. झोपेत हात आपोआप जातो आणि आठवडाभराचे औषध एका रात्रीत वाया जाते. नखे आखूड कापा आणि सुती, थोडी घट्ट चड्डी घालून झोपा. खाज उठली की खाजवू नका, ओल्या गार फडक्याने पाच मिनिटे दाबा. झोप मोडत असेल तर रात्री घ्यायची गोळी डॉक्टरांकडून घ्या.

खपलीत बुरशी निघाली तर

मग क्लोट्रिमॅझोलसारखे नुसते बुरशीचे मलम दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे जागा धरून लावायचे. कातडी स्वच्छ दिसल्यावरही एक-दोन आठवडे लावायचे. आज लावून उद्या सोडणाऱ्याचा नायटा पुन्हा येतो. अंडकोशापर्यंत पसरलेली किंवा स्टिरॉइडने बिघडलेली बुरशी मलमाने भागत नाही, तिथे डॉक्टर पोटात घ्यायच्या गोळ्या देतात. पायाच्या बुरशीवरही त्याच वेळी औषध करा, आणि चड्डी घालण्याआधी मोजे घाला, नाहीतर पायातली बुरशी चड्डीबरोबर वर चढते.

आपल्या पावसाळ्यात कपडे वाळणे हीच अडचण. अंडरवेअर उलटी करून धुवा, साबण निघेपर्यंत दोनदा खळबळा, आणि दमट राहिली तर शिवणींवर गरम इस्त्री फिरवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा.

अचानक सूज, ताप, असह्य दुखणे किंवा कातडी काळी-निळी पडणे दिसले, विशेषतः मधुमेह असलेल्याला, तर मलम लावत बसू नका, त्याच तासाला इस्पितळ गाठा. आणि नीट उपचार करूनही एखादा लाल चट्टा किंवा जखम दोन महिन्यांत हलली नाही, तर डॉक्टरांना कातडीचा तुकडा काढून तपासायला सांगा.