आई, आत्या, मावशीसाठी साडी घेताना या चुका टाळा

साडी कोणालाही होते, तिला मापाची भानगड नसते, असे गृहीत धरून घेतलेल्या भेटवस्तूंपैकी बऱ्याच साड्या कपाटात घडीसकट पडून राहतात. देणाऱ्याला वाटते की रंग आवडला नाही. प्रत्यक्षात अनेकदा कारण निराळे असते: ब्लाऊज शिवता आले नाही, निऱ्या पुरल्या नाहीत किंवा साडी खांद्यावर पेलवली नाही. म्हणून आवडीचा विचार करण्याआधी साडीच्या मापाचा विचार करावा, असे माझे मत आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक लांबी न विचारण्याची आहे. प्रचलित पाचवारी साडी सुमारे साडेपाच मीटरची असते आणि तिच्याच टोकाला जोडलेला ब्लाऊजपीस सुमारे ८० सेंटिमीटरचा असतो, म्हणजे एकूण कापड ६.३ मीटरच्या आसपास भरायला हवे. परंतु काही स्वस्त साड्यांत ब्लाऊजपीस धरूनच साडेपाच मीटर कापड असते आणि पाकिटावर केवळ ‘५.५ मी. ब्लाऊजपीससह’ असे लिहिलेले असते. त्या ‘सह’चा अर्थ दुकानात विचारून घ्यावा आणि शंका असेल तर साडी मीटरपट्टीवर मोजून दाखवायला सांगावे.

हा फरक नेसताना किती जाणवतो ते एका उदाहरणाने पाहू. पंचवटीत राहणाऱ्या एका आत्यांना भाचीने तिच्या पहिल्या पगाराची साडी द्यायची आहे, असे समजा. आत्यांचा नितंबाचा घेर ४६ इंच, म्हणजे जवळजवळ ११७ सेंटिमीटर आहे. साडी नेसताना कमरेभोवती दोन फेरे जातात आणि त्यांना साधारण २.३५ मीटर लागतात. छातीवरून खांद्यावर जाऊन मागे सुटणाऱ्या पदराला सुमारे १.६ मीटर धरले, तर साडेपाच मीटरमधून निऱ्यांसाठी दीड मीटरपेक्षा थोडे अधिक उरते. एका निरीला सुमारे २५ सेंटिमीटर कापड लागत असल्याने सहा निऱ्या येतात आणि साडी व्यवस्थित बसते. हेच गणित ब्लाऊजपीस कापल्यानंतर ४.७ मीटर उरणाऱ्या साडीला लावले, तर निऱ्यांना पाऊण मीटरच राहतो आणि जेमतेम तीन निऱ्या पडतात. अशी साडी चालताना पायात आवळते आणि नेसणारीला वाटते की आपलेच वजन वाढले. ३६ इंच घेराच्या बाईला तिथेही निदान पाच निऱ्या मिळतात, त्यामुळे तीच साडी भाचीने स्वतःला लावून पाहिली तर उणीव तिच्या ध्यानातही येणार नाही. आत्या नऊवारी नेसत असतील तर सुमारे सव्वाआठ मीटरची साडी मागावी. पाचवारीवर त्यांचे भागणार नाही.

दुसरी चूक ब्लाऊजची आहे. ८० सेंटिमीटरचा ब्लाऊजपीस आखूड बाह्यांच्या, मध्यम अंगाच्या ब्लाऊजला पुरतो. छातीचे माप ४२ इंचांच्या पुढे असेल आणि बाह्या कोपरापर्यंत हव्या असतील, तर शिंपी बहुधा मीटरभर कापड मागतो. साडीचे कापड त्यासाठी कमी करता येत नाही, कारण निऱ्यांचे गणित पुन्हा बिघडते. अशा वेळी साडीसोबत त्याच छटेचे साधे ब्लाऊजचे कापड एक मीटर वेगळे घ्यावे आणि साडीच्या ब्लाऊजपीसची किनार बाह्यांना लावायला सांगावी. शिवून तयार असलेले ब्लाऊज मात्र घेऊ नये. छातीचे माप जुळले तरी दंडाला आणि काखेत ते आवळण्याची शक्यता अधिक असते, आणि तेथे शिवणीत सोडायला कापड क्वचितच शिल्लक असते. शिलाईचे पैसे पाकिटात घालून साडीसोबत दिले, तर ज्येष्ठ बाईला पुढचा खर्च स्वतः करावा लागत नाही. ही गोष्ट लहान असली तरी आईला तिचे कौतुक वाटते.

नाशिककरांना आणखी एक मोह असतो, तो पैठणीचा, कारण येवला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. पैठणी नेहमीच योग्य भेट ठरते, हे मला पटत नाही. भरगच्च जरीच्या पदराचा भार सगळा एका खांद्यावर येतो, त्यामुळे मान-खांदा दुखणारी मावशी ती लग्नातल्या दोन तासांसाठी नेसते आणि नंतर बाहेर काढत नाही. तरीही घ्यायचीच असेल तर साडी उलटी करून पाहावी. हातमागावरील पैठणीत पदरावरचा मोर किंवा मुनिया पुढून आणि मागून जवळजवळ सारखी दिसते, तर यंत्रावरच्या नक्षीच्या मागे लोंबते, कापलेले धागे दिसतात. सेमी पैठणी घेण्यात गैर काही नाही, फक्त ती हातमागाच्या भावाने घेतली जाऊ नये. शिवाय थेट विणकराकडून घेतलेली एकेक साडी बदलून मिळणे बहुधा अवघड असते, म्हणून आवड अनिश्चित असताना मी मेन रोडवरील बदलून देणारे दुकान पसंत करीन.

आवडीचा अंदाज घेण्यासाठी आईला विचारू नये. ती ‘काही नको गं, खर्च कशाला’ म्हणते आणि विषय संपतो. त्याऐवजी तिची वापरलेली ब्लाऊज पाहावीत. ज्यांच्या काखेतला रंग विटला आहे आणि हुक दोनदा बदलले आहेत, तीच तिच्या खऱ्या आवडीची, आणि त्यांचे रंग व पोत लग्नाच्या फोटोंतल्या साड्यांपेक्षा जास्त खरे सांगतात. रंग ट्यूबलाइटखाली पक्का करू नये. साडी दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात पाहावी, कारण गर्द जांभळा आणि तपकिरी यांतील फरक आतल्या दिव्यात हरवतो. काळा रंग संक्रांतीला चालतो, पण लग्नाच्या मानपानात घरातील कोणी तरी हरकत घेण्याची शक्यता असते.

शेवटची चूक देण्याच्या घाईतून होते. साडी ‘तयार’ मिळावी म्हणून भेट देण्याआधीच फॉल-बिडिंग करून घेतले किंवा ब्लाऊजपीस कापला, की दुकानदार सहसा ती परत घेत नाही. म्हणून साडी कोरी, लेबलासकट द्यावी. दुकानात विचारताना ‘बदलून मिळेल ना?’ एवढ्यावर न थांबता किती दिवसांत, सेलच्या मालालाही का, आणि पैसे परत की दुसरा माल, हे बिलावरच लिहून घ्यावे. वाढदिवस तीन आठवड्यांवर असेल आणि मुदत पंधरा दिवसांची असेल, तर ती मुदत भेट दिलेल्या दिवसापासून धरायला सांगावी. मालक बहुतेक वेळा ऐकतो, पण ते पावतीवर लिहिलेले नसेल तर पुढच्या वेळी काउंटरवर असणाऱ्या दुसऱ्या माणसाला त्याचा पत्ताच नसतो.