खारीचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला पण खारी घ्यायला कोणी आलं नाही: स्क्रिप्टमधल्या या चुका टाळा

जुलैमधे आमच्या दादाने जिरावन खारी काढली. दादा म्हणजे मावसभाऊ, इंदूरला रामबागेत त्याची छोटी बेकरी आहे, मागे भट्टी, पुढे काउंटर आणि मधे दादा-वहिनी. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, जिरावन म्हणजे आमच्याकडे पोह्यावर भुरभुरवतात तो मसाला, जिरं, धणे, बडीशेप, काळं मीठ, आमचूर, हिंग असं सगळं असतं त्यात. खारी खरंच मस्त झाली होती. व्हिडिओची स्क्रिप्ट मी लिहिली आणि ती मात्र पार फसली, म्हणून हे लिहितेय.

पहिली स्क्रिप्ट साधारण अशी होती: "नमस्कार मित्रांनो, गेली 22 वर्षं आपल्या सेवेत असलेली आपली लाडकी बेकरी आता खास तुमच्यासाठी घेऊन येत आहे गरमागरम, खमंग, लज्जतदार..." असं चालू चालू, मग बेकरीचा इतिहास, मग मावशी-काकांचे आशीर्वाद, आणि शेवटी "उद्यापासून उपलब्ध, साठा मर्यादित, त्वरा करा, आजच ऑर्डर करा, लाइक करा, शेअर करा, फॉलो करा, अवश्य भेट द्या." दोनशेच्या वर शब्द, पावणेदोन मिनिटांचा व्हिडिओ. नातेवाईकांच्या ग्रुपवर अंगठे भरपूर आले. दुकानात पहिल्या 3 दिवसांत खारी मागायला 4 जण आले, त्यातले 2 शेजारचे.

आधी लोक काय विचारतायत ते वाचा

व्हिडिओ चालला नाही की पहिला संशय कॅमेऱ्यावर जातो, दादा तर रिंग लाइट घ्यायला निघाला होता. पण चूक कुठे आहे ते लोकांच्या प्रश्नांतच दिसतं. आम्हाला आलेले प्रश्न असे होते: "कुठे आहे दुकान?", "अंडं असतं का?", "पाव किलो केवढ्याला?" म्हणजे दोनशे शब्द बोलून आम्ही ह्या तीनपैकी एकही गोष्ट सांगितली नव्हती! इंदूरमधे अंड्याचा प्रश्न तर सगळ्यात आधी येतो, ते कळल्याशिवाय अर्धे लोक पुढचं ऐकतच नाहीत.

प्रश्न आले तर माहिती राहिलीय. लोक आले पण नाराज होऊन गेले तर व्हिडिओत सांगितलं एक आणि काउंटरवर मिळालं दुसरं. आणि प्रश्नही नाहीत, माणसंही नाहीत, तर बहुतेक सुरुवातीलाच लोकांनी अंगठा वर सरकवलाय. तिन्हीचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून नवी स्क्रिप्ट लिहायच्या आधी आपलं दुखणं ह्यातलं कुठलं ते बघून घ्या. आमची पहिली दोन होती, ते असो.

"गरमागरम" ही आमची सगळ्यात महागात पडलेली चूक

खाण्याच्या व्हिडिओत गरमागरम हा शब्द हात आपोआप लिहितो. पण खारी गरम चांगली लागतच नाही. भट्टीतून काढल्या काढल्या तिच्या पापुद्र्यांत वाफ असते, मधला भाग लिबलिबीत लागतो, ती गार होऊन वाफ निघून गेली की मग कुरकुरीत होते. दादाचा ट्रे 5 ला निघतो. एक काकू "गरमागरम" ऐकून बरोब्बर 5 ला आल्या, तोडून बघितली आणि म्हणाल्या, "अरे कच्ची आहे की." त्यांचं काय चुकलं? आम्हीच बोलावलं होतं.

तेव्हापासून स्क्रिप्टमधल्या प्रत्येक विशेषणासाठी मी दादाला फोन करून विचारते की हे काउंटरवर खरं ठरेल का. "बटर खारी" पण असंच गेलं, कारण ह्या खारीला लोणी नाही, बेकरी मार्जरीन वापरतो तो, मग बटर म्हणणं सरळ खोटं झालं. दिशाभूल करणारी जाहिरात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते आणि दुकान छोटं आहे म्हणून सूट मिळत नाही. "हेल्दी" तर लिहूच नका, मैदा आणि फॅट आहे, खाणाऱ्यालाही माहितीये.

"उद्यापासून" हा शब्दही काढा. व्हिडिओ ग्रुपमधून ग्रुपमधे फिरत राहतो, कोणाच्या हातात 3 आठवड्यांनी पडतो, त्याचा उद्या कुठला? रोज मिळत असेल तर "रोज साडेपाचला" म्हणा, ठरावीक दिवशीच असेल तर वार सांगा.

बोलायची भाषा कागदावर कशी आणायची

दादा कॅमेऱ्यासमोर "लज्जतदार" म्हणताना शाळेतल्या भाषणासारखा ताठ झाला होता. दुसऱ्या वेळी मी काही लिहिलंच नाही आधी. फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं, त्याला सांगूनच हां, आणि विचारलं, "दादा, काल कोणी विचारलं की ही नवी खारी काय आहे, तर तू काय सांगितलंस?" तो म्हणाला, "अगं काही नाही, पोह्यावर जिरावन घालतो ना आपण, तेच खारीत घातलंय, शेवटच्या घडीत थोडं आत आणि थोडं वरून, आधी वरून लावलं तर भट्टीत जळून कडू होतं." झाली की स्क्रिप्ट! मी फक्त कापाकापी केली. जळण्याची गोष्ट मला ठेवायची होती पण 4-5 सेकंद खात होती, ती कमेंटमधे गेली.

मोजायचा हिशोब सोपा आहे. काउंटरवर बोलतो त्या वेगाने सेकंदाला 2 शब्द धरा, म्हणजे 30 सेकंदांत 60. आणि हे मनात वाचून नाही, मोठ्याने वाचून फोनच्या स्टॉपवॉचवर बघायचं, मनात वाचताना प्रत्येकजण शताब्दी असतो.

ही दुसरी स्क्रिप्ट, 56 शब्द:

पहिले 3 सेकंद कोणी बोलत नाही. वहिनीचा हात, खारी मधोमध तुटते, फोन एकदम जवळ, आवाज स्पष्ट. वर अक्षरं: "जिरावन... खारीत?"

मग दादाचा आवाज, पडद्यावर घड्या घालणारे हात आणि नंतर मसाला भुरभुरवताना: "पोह्यावर जिरावन आपण रोजच घालतो. यावेळी खारीत घातलंय. शेवटच्या घडीत थोडं आत, आणि भट्टीतून निघाली की थोडं वरून. अंडं नाही. तिखट बेताचं, आंबटपणा जरा पुढे."

काउंटरवरचा ट्रे दिसतो: "रोज साडेपाचला ट्रे काउंटरवर येतो. पाव किलो सत्तर रुपये."

शेवटी दादाचा चेहरा, पहिल्यांदाच, हातात चहाचा कप: "चहाच्या वेळी रामबागेतून जात असाल तर एक तुकडा चाखून बघा. आवडली तर न्या, नाही आवडली तर काय कमी पडलं तेवढं सांगून जा."

"अंडं नाही", वेळ आणि भाव हे तिन्ही अक्षरांतही दाखवलं, कारण पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात. अक्षरं अगदी खालच्या बाजूला ठेवू नका, रीलमधे तिथे कॅप्शन आणि बटणं येतात आणि नेमका भाव झाकला जातो. आमचा झाकला गेला होता, ₹70 मधला 7 गायब, लोकांना वाटलं फुकट वाटतायत.

सौम्य बोलावणं म्हणजे गुळमुळीत बोलावणं नाही

इथे मी सगळ्यात जास्त अडकले. "त्वरा करा, साठा मर्यादित" नको असं ठरवलं तर पेन आपोआप "एकदा अवश्य भेट द्या" कडे वळलं. ऐकायला ते सौम्य वाटतं, पण कधी यायचं, येऊन काय करायचं, काहीच कळत नाही, आणि मग ऐकणारा हो म्हणतो आणि विसरतो. लग्नात भेटलेल्या पाहुण्याला "या कधी घरी" म्हणतो आपण, येतं का कोणी?

सौम्यपणा सूरात हवा आणि माहिती मात्र नेमकी. वरच्या शेवटच्या ओळीत मागितलंय फक्त एकच, तुकडा चाखा. वेळ दिलीय, चहाची, जी त्याच्या दिवसात आधीच आहे. आणि नाही म्हणायला जागा ठेवलीय, "आवडली नाही तर सांगून जा". ही जागा फार कामाची निघाली, लोक खरंच सांगायला लागले, दोघांनी काळं मीठ जास्त आहे म्हटलं आणि दादाने कमी केलं. लाइक, शेअर, फॉलो हे सगळं काढून टाकलं कारण चार गोष्टी मागितल्या की माणूस त्यातली सगळ्यात सोपी करतो, लाइक ठोकतो आणि चहा घरीच पितो.

एक अट आहे बरं का. चाखायला बोलावलंत तर चाखायला ठेवा. पहिल्या दिवशी वहिनी पाकिटं भरण्यात गुंतली होती, चाखायची बशी ठेवायची राहिली, आणि एका मुलीने संकोचून पाव किलो घेतलं. दादा खूश, मी नाही, कारण पुढच्या वेळी ती येताना विचार करेल. आता तुटलेले तुकडे काचेच्या बरणीत काउंटरवरच असतात, पावसात उघड्या बशीत तसेही अर्ध्या तासात सादळतात.

मराठी की हिंदी?

आमच्याकडे गिऱ्हाईक दोन्ही. पहिल्या व्हिडिओत मी एक वाक्य मराठीत आणि तेच हिंदीत असं केलं होतं, लांबी दुप्पट आणि दोघांनाही कंटाळा. आता दोन वेगळे टेक घेतो. हिंदी टेकसाठीही भाषांतर करत नाही, दादाला म्हणते समोर हिंदी गिऱ्हाईक आहे असं समजून सांग, तर तो आपोआप "भिया, एक टुकड़ा चख के देखो" वर येतो, आणि ते माझ्या कुठल्याही भाषांतरापेक्षा बरं असतं.

दुसरा व्हिडिओ टाकला त्या आठवड्यात साडेपाचच्या सुमारास रोज 10-12 जण खारीसाठी यायला लागले. मग नवीन भानगड, एका ट्रेमधून पाव किलोची 14 पाकिटंच निघतात आणि शनिवारी 6 वाजताच संपली, सव्वासहाला आलेले हात हलवत गेले. दादा म्हणाला व्हिडिओ काढून टाक. काढला नाही, पहिल्या कमेंटमधे ओळ घातली: "शनिवारी लवकर संपते, फोन करून ठेवलंत तर पाकीट बाजूला ठेवू." साठा मर्यादित तेव्हा खरंच होता, फक्त घाबरवून सांगायची गरज पडली नाही. आणि शनिवारी आता दोन ट्रे लागतात, त्यामुळे वहिनी माझ्याशी थोडी कमी बोलते.