जर्मनीचा ऑ पेअर व्हिसा: यजमान कुटुंब बदलावे लागले

खानापूरची माझी भाची चोवीस वर्षांची असून तिची जर्मनची ए1 परीक्षा झाली होती. म्हणजे सत्तावीसच्या आतले वय आणि प्राथमिक भाषा या दोन्ही अटींत ती बसत होती. जर्मनीतील ओळखीच्या मराठी कुटुंबाने तिला ऑ पेअर म्हणून, म्हणजे त्यांच्या घरी राहून मुले सांभाळायला आणि जर्मन शिकायला, बोलावले, तेव्हा आमच्या ताईला हायसे वाटले. मात्र घरात जर्मन बोलत असले तरी ती यजमानांची मातृभाषा नसेल, तर ऑ पेअर त्यांच्या मूळ देशातील चालत नाही, आणि नेमकी हीच अट आड येत होती. म्हणून बेंगळुरूच्या वाणिज्य दूतावासाकडे अर्ज करण्यापूर्वीच आम्ही मातृभाषा जर्मन असलेले कुटुंब शोधले.

त्यांच्या करारात ‘गरजेनुसार मदत’ एवढेच लिहिले होते. ते मी बदलून घेतले: दिवसाला जास्तीत जास्त सहा आणि आठवड्याला तीस तास काम, आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, स्वतंत्र खोली, जेवण, दरमहा 280 युरो हातखर्च, भाषावर्गासाठी दरमहा 70 युरो आणि कुटुंबाने भरायचा विमा. तास आकड्यांत लिहिलेले नसतील, तर मुले सांभाळता सांभाळता सगळे घरकाम मुलीच्या गळ्यात पडते. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यावरच आम्ही अर्ज भरला.