१ + १/४ + १/९ + १/१६... ची बेरीज साइनच्या सिरीजमधून कशी काढायची

१, १/४, १/९, १/१६ असे सगळे वर्गांचे व्यस्त अनंतापर्यंत मिळवत गेलं तर बेरीज π²/६ येते, हे बऱ्याच जणांना पाठ असतं पण π तिथे कुठून टपकतो हे विचारलं की गाडी अडते. हा प्रश्न १६५० मध्ये पिएत्रो मेंगोलीने मांडला आणि उत्तर मिळालं १७३४ मध्ये, ऑयलरकडून, म्हणजे मधे ८० पेक्षा जास्त वर्षं गेली. ऑयलरची पद्धत वेगळी होती. आपण इथे फूरिए सिरीज, म्हणजे फंक्शन साइन-कोसाइनच्या बेरजेत लिहिणं, आणि फंक्शनच्या वर्गाची सरासरी त्या साइन-कोसाइनच्या कोएफिशंटच्या वर्गांशी जोडणारा पार्सेवालचा एनर्जीवाला नियम वापरून जाऊ, कारण त्यात π कुठून येतो ते डोळ्यांना दिसतं. लागणारं सामान एवढंच: इंटिग्रेशन बाय पार्ट्स, आणि साइनच्या वर्गाची सरासरी अर्धी असते ही गोष्ट.

आधी उत्तराचा अंदाज घेऊन ठेवा, नंतर चूक झाली तर तोच पकडून देतो. १/n² हे १/(n(n−१)) पेक्षा लहान असतं, आणि १/(n(n−१)) म्हणजे १/(n−१) − १/n, त्यामुळे दुसऱ्या टर्मपासून पुढचं सगळं एकमेकांना कापत जातं आणि त्या सगळ्याची बेरीज १ च्या आतच राहते. म्हणजे पूर्ण बेरीज २ च्या खाली. पहिल्या १० टर्म हाताने मिळवल्या तर १.५४९७६८ होतात. तर उत्तर १.५५ आणि २ च्या मधे कुठेतरी, हे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आता फंक्शन निवडायचं. आपल्याला १/n² हवंय, आणि एनर्जीच्या नियमात कोएफिशंटचा वर्ग होतो, मग कोएफिशंट १/n सारखा असला पाहिजे. १/n कोण देतं? ज्या फंक्शनमध्ये उडी आहे ते. सगळ्यात साधं असं फंक्शन म्हणजे f(x) = x, −π पासून π पर्यंत, आणि मग तेच पुन्हा पुन्हा. ग्राफ काढला तर करवतीच्या दातांसारखा दिसतो, सरळ वर चढतो आणि π ला धाडकन −π वर पडतो. (इलेक्ट्रॉनिक्सवाले याला सॉटूथ म्हणतात.)

फंक्शन विषम आहे, f(−x) = −f(x), म्हणून कोसाइनच्या टर्म आणि कॉन्स्टंट टर्म शून्य, फक्त साइन उरतात. त्यांचे कोएफिशंट काढू:

```
b_n = (2/π) ∫ x sin(nx) dx,   0 ते π
```

बाय पार्ट्स केलं की पहिला भाग −x cos(nx)/n येतो, तो π ला −π cos(nπ)/n आणि ० ला शून्य. दुसऱ्या भागात cos(nx) चं इंटिग्रल राहतं, ते sin(nx)/n², आणि ते दोन्ही टोकांना शून्य. cos(nπ) म्हणजे (−1)^n, विषम n ला उणे आणि सम n ला अधिक. तर शेवटी

```
b_n = 2(−1)^(n+1) / n
x = 2 ( sin x − sin 2x/2 + sin 3x/3 − sin 4x/4 + ... )
```

चिन्हात गोंधळ झाला की नाही ते x = π/2 टाकून बघा. सम टर्म सगळ्या शून्य होतात आणि π/2 = 2(1 − 1/3 + 1/5 − 1/7 + ...) असं उरतं, म्हणजे कंसातली बेरीज π/4, ही ओळखीची सिरीज आहे. ती आली नाही तर पुढे जाऊ नका, मागे जाऊन cos(nπ) तपासा.

इथे एक मोह होतो आणि मीही पहिल्यांदा त्यात पडलो होतो: x = π टाकला तर? sin(nπ) सगळे शून्य, म्हणून उजवीकडे ०, डावीकडे π. मला वाटलं कोएफिशंट चुकले, दोनदा परत काढले, तेच आले. कोएफिशंट बरोबरच होते. उडीच्या जागी सिरीज दोन्ही बाजूंच्या किमतींच्या बरोबर मधे जाते, आणि π व −π च्या मधे शून्यच आहे. शिवाय अशी एखादी किंमत टाकून x च्या सिरीजमधून १/n मिळेल, १/n² नाही. वर्ग करावाच लागतो.

मग वर्ग करू, पण सगळीकडचा एकदम. मुख्य काम इथेच आहे, म्हणून जरा सावकाश. फंक्शनचा वर्ग करायचा आणि एका पूर्ण पिरियडवर त्याची सरासरी घ्यायची. f हा १ ओहमच्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज मानला तर ही सरासरी म्हणजे त्यात जळणारी पॉवर, म्हणून एनर्जी हे नाव. ती दोन पद्धतींनी मोजता येते आणि दोन्हीचं उत्तर एकच असायला हवं.

पहिली पद्धत, थेट ग्राफवरून. x² ची −π ते π सरासरी:

```
(1/2π) ∫ x² dx = (1/2π) · (2π³/3) = π²/3
```

π इथून आला, बस. फंक्शन π उंचीपर्यंत चढतं म्हणून त्याच्या वर्गाच्या सरासरीत π² आहे.

दुसरी पद्धत, साइनच्या बाजूने. सिरीजचा वर्ग केला की दोन प्रकारच्या टर्म निघतात, एखाद्या साइनचा स्वतःशी गुणाकार, आणि दोन वेगवेगळ्या साइनचा एकमेकांशी. वेगवेगळ्यांचा गुणाकार, समजा sin 2x · sin 3x, हा (cos x − cos 5x)/2 असतो आणि पूर्ण पिरियडवर कोसाइनची सरासरी शून्य, म्हणून असल्या सगळ्या तिरक्या टर्म गळून पडतात. स्वतःशी गुणाकार केलेल्या मात्र राहतात, sin² ची सरासरी १/२, म्हणून b_n उंचीची साइन b_n²/2 एवढी एनर्जी देते. आपल्याकडे b_n² = 4/n², चिन्ह वर्गात गेलं, म्हणजे प्रत्येक टर्मचे 2/n². आता दोन्ही बाजू समोरासमोर ठेवा:

```
π²/3 = 2 (1 + 1/4 + 1/9 + 1/16 + ...)
बेरीज = π²/6 = 1.644934...
```

१.५५ आणि २ च्या मधे आहे, अंदाज जुळला.

या एनर्जीचं वाटप कसं होतं तेही बघण्यासारखं आहे. एकटी sin x ची टर्म एकूण एनर्जीच्या ६०.८ टक्के घेते, दुसरी धरली की ७६, तिसरी धरली की ८२.७, आणि १० टर्म झाल्या की ९४.२. म्हणजे सुरुवातीला भराभर आणि नंतर रांगत. कारण पुन्हा तीच उडी आहे, उभी कडा बनवायला खूप उंच फ्रिक्वेन्सीच्या साइन लागतात.

आता बारीक बघणारे विचारतील की अनंत सिरीजचा वर्ग टर्म-टर्मने करून चालतं कशावरून? बरोबर प्रश्न आहे. पहिल्या N टर्मचीच बेरीज घेतली तर x आणि त्या बेरजेतल्या फरकाच्या वर्गाची सरासरी काढता येते, ती π²/3 − 2(1 + 1/4 + ... + 1/N²) एवढी येते. वर्गाची सरासरी ऋण नसते, म्हणून एवढ्यावरून बेरीज जास्तीत जास्त π²/6 हे पक्कं होतं, पण बरोबर तेवढीच आहे हे नाही. त्यासाठी हा फरक N वाढवत नेला की शून्यावर जातो हे लागतं, आणि ते साइन-कोसाइनच्या संपूर्णतेच्या प्रमेयातून मिळतं: ज्या फंक्शनच्या वर्गाचं इंटिग्रल सांत आहे त्या प्रत्येकाला ते लागू पडतं. उडीजवळ सिरीज उडीच्या सुमारे ९ टक्के जास्त उसळते आणि ती उसळी कितीही टर्म घेतल्या तरी जात नाही, पण तिची रुंदी आकसत जाते, म्हणून एनर्जीच्या हिशोबात ती संपते.

सगळ्यात जास्त लोक कुठे चुकतात तर इंटरव्हल ० ते 2π घेतल्यावर. तेव्हा फंक्शन विषम राहत नाही, मधे एक कॉन्स्टंट येतो, x ची सरासरी π, आणि b_n = −2/n होतो. x² ची सरासरी आता 4π²/3. कॉन्स्टंटच्या वर्गाची सरासरी म्हणजे तो वर्गच, त्याला साइनसारखं अर्धं करायचं नाही:

```
4π²/3 = π² + 2 · बेरीज   →   बेरीज = π²/6
```

कॉन्स्टंट विसरलात तर बेरीज 2π²/3 म्हणजे ६.५८ येते. त्यालाही अर्धं केलंत तर ४.११. आणि पुस्तकातला a_0 इथे 2π असतो, सिरीजमध्ये तो a_0/2 म्हणून लिहितात, ते न बघता a_0 चा अख्खा वर्ग टाकलात तर चक्क ऋण उत्तर. तिन्ही उत्तरं आपल्या ‘२ च्या खाली, १.५५ च्या वर’ या चाचणीत लगेच पकडली जातात, म्हणून तर ती आधी करून घेतली.

आकड्यांनी खात्री करायची असेल तर नुसत्या टर्म मिळवत बसू नका, फार हळू चालतं, N टर्मनंतर उरलेली शेपूट साधारण 1/N एवढी असते आणि १००० टर्मनंतरही १.६४३९३४६ वरच अडकता. शेपूट 1/(N+1) आणि 1/N च्या मधे असते, म्हणून 1/(N + 0.5) मिळवा. १० टर्मला १.५४९७६८ + ०.०९५२३८ = १.६४५००६. १००० टर्मला १.६४३९३४६ + ०.०००९९९५ = १.६४४९३४१, आणि π²/6 सात दशांशांपर्यंत १.६४४९३४१ च आहे.

हेच यंत्र x² वर चालवलं, −π ते π, तर कॉन्स्टंट π²/3 आणि कोसाइनचे कोएफिशंट 4(−1)^n/n². x⁴ ची सरासरी π⁴/5, त्यातून π⁴/9 वजा, उरले 4π⁴/45, ते 8 गुणिले चौथ्या घातांची बेरीज, म्हणून १ + १/१६ + १/८१ + ... = π⁴/90. गंमत म्हणजे याच सिरीजमध्ये x = π टाकला तर π² = π²/3 + 4·बेरीज, म्हणजे आपलं π²/6 वर्ग न करताही मिळतं. x² ला टोकाला उडी नाही, म्हणून तिथे किंमत टाकणं चालतं.

घनांसाठी, १ + १/८ + १/२७ + ..., हे चालत नाही. वर्ग केला की n चा घात सम होणार, 2, 4, 6, तिसरा घात या रस्त्यावर लागतच नाही. त्या बेरजेला π च्या घातासारखं सुटसुटीत सूत्र आजही कोणाकडे नाही, ती अपरिमेय आहे एवढं १९७८ मध्ये आपेरीने दाखवलं आणि तेही अगदी वेगळ्या पद्धतीने.