कॅरोसेलमध्ये रिकामी शीट दाखवू नका

घरखर्चाचं गूगल शीट टेम्प्लेट विकताना मी पहिल्या कॅरोसेलमध्ये बाराही महिन्यांची कोरी शीट टाकली होती. मोबाइलवर नुसती जाळी दिसत होती. मुलुंडच्या मैत्रिणीने विचारलं, "हे काय, कॅलेंडर आहे का गं?"

आता मी आधी शीट भरते. सोसायटीचा मेंटेनन्स, लोकलचा पास, डबा, बाईंचा पगार. आकडे काल्पनिक, पण आपल्या घरातले वाटावेत असे. मग 1080×1350 पिक्सेलच्या स्लाइडवर चारपाच ओळी आणि तीनच कॉलम मोठे करून ठेवते. पहिल्या स्लाइडवर "पास" या खान्यात रक्कम टाकलेली, दुसरीवर तीच रक्कम बेरजेत आलेली. लोक विकत घेतात ते हे आपोआप होणं. संपूर्ण शीट एकदाच, शेवटून दुसऱ्या स्लाइडवर. शेवटच्या स्लाइडवर किंमत आणि "गूगल शीटमध्ये चालतं, फाइल ऑनलाइन मिळेल, छापील काही येणार नाही" एवढं स्पष्ट लिहा. नाहीतर कुरिअर कधी येणार, असे मेसेज येतात.

छापायचा प्लॅनर असेल तर ए-फोर पान या स्लाइडपेक्षा उंच असतं, त्यामुळे वरखाली कापलं जातं. पूर्ण पान बसवून बाजूला पट्टी सोडा, आणि पानावर फिकट "नमुना" टाका. स्क्रीनशॉट छापून वापरणारे असतातच.

पैसे आल्यावर द्यायच्या लिंकच्या शेवटी `/edit` आणि त्यापुढचं सगळं काढून `/copy` लिहा, म्हणजे घेणाऱ्याला स्वतःची प्रत करून घेता येते. शेअरिंग "Anyone with the link", "Viewer" असू द्या. ते विसरलं की रात्री अकराला परवानगी मागणारे मेल सुरू.